संचालकपद नेमके कोणत्या दिवशी सुटते?

खासगी कंपनीचा संचालक राजीनामा देतो तेव्हा एका राजीनाम्याला पाच तारखा चिकटतात. पत्रावर लिहिलेली एक, पत्र कंपनीला पोचले ती दुसरी, पत्रात ‘या दिवसापासून’ म्हणून दिलेली तिसरी, संचालक मंडळाच्या इतिवृत्तातली चौथी आणि कंपनी निबंधकाकडे फॉर्म दाखल झाला ती पाचवी. पाचही एकाच महिन्यातल्या असल्या आणि कंपनी सुरळीत चालली असली तर कुणाचे काही अडत नाही. पण त्यांच्यात वर्षभराचे अंतर पडले आणि मधल्या काळात कंपनीचा धनादेश परत आला, कर थकला किंवा वार्षिक विवरणपत्रे भरायची राहिली, की यातली कोणती तारीख खरी यावर माणसाची झोप उडते.

कायद्याने या पाचांपैकी दोनच तारखांना वजन दिले आहे. कंपनी कायदा २०१३, कलम १६८, पोटकलम २ सांगते की राजीनाम्याची सूचना कंपनीला मिळाली ती तारीख, किंवा सूचनेत संचालकाने एखादी तारीख नमूद केली असेल तर ती तारीख, या दोन्हींपैकी जी नंतरची असेल त्या दिवसापासून राजीनामा अमलात येतो. पत्र कधी लिहिले, मंडळाची बैठक कधी झाली, फॉर्म कधी भरला, यांपैकी कशानेही ही तारीख हलत नाही. नियम एका वाक्याचा आहे. तरीही बहुतेक राजीनामापत्रे अशी लिहिली जातात की या नियमाचा फायदा पत्र लिहिणाऱ्याला मिळतच नाही.

यामागे थोडा इतिहास आहे. १९५६ च्या कंपनी कायद्यात संचालकाच्या राजीनाम्याबद्दल स्वतंत्र तरतूद नव्हती. कंपनीच्या नियमावलीत काही लिहिले असेल तर ते पाहायचे, नसेल तर न्यायालयांचे निकाल शोधायचे, असा मामला होता. निबंधकाला कळवण्याचा फॉर्म ३२ कंपनीच भरत असे. म्हणजे सोडून जाणाऱ्याचे नाव सरकारी नोंदीतून काढायचे की नाही, हे मागे राहिलेल्यांच्या मर्जीवर. नवे कलम १६८ १ एप्रिल २०१४ पासून लागू झाले आणि त्याने दोन गोष्टी केल्या. तारखेचा नियम लेखी आला, आणि जाणाऱ्या संचालकाला स्वतः निबंधकाकडे जाण्याची वाट मिळाली. फॉर्म ३२ ची जागा DIR-12 ने घेतली, ती कंपनीची वाट. DIR-11 ही संचालकाची स्वतःची.

आता एक उदाहरण घेऊ. ते काल्पनिक आहे, पण अशी कंपनी प्रत्येक औद्योगिक वसाहतीत सापडेल. सांगलीजवळच्या कुपवाड एमआयडीसीत पंपांचे सुटे भाग करणारी खासगी कंपनी, भागभांडवल १० लाख रुपये, संचालक तीन: थोरला भाऊ, धाकटा भाऊ आणि त्यांच्या बहिणीचे यजमान. कंपनी दादा चालवतात, बँकेत सहीही त्यांचीच. दाजी हिशेब बघतात. धाकट्याला पुण्यात नोकरी लागली आहे आणि २०२४ च्या मे महिन्यात त्याने ठरवले की संचालकपद सोडायचे. भांडण नाही. रविवारी जेवताना तो म्हणाला, “दादा, मी आता संचालक राहत नाही.” दादा म्हणाले, “बरं, सीएंना सांगतो.” कुटुंबाच्या व्हॉट्सॲप गटावर त्याने त्याच दिवशी दोन ओळी टाकल्या.

इथे कायद्याच्या नजरेत अजून काहीच घडलेले नाही. कलम १६८ ला लेखी सूचना हवी आणि ती कंपनीला दिलेली हवी. भावाला सांगितले, दाजींच्या हातात कागद दिला, सीएंच्या कानावर घातले, याने कंपनीला सूचना मिळाली असे ठामपणे म्हणता येत नाही. कंपनी ही तिच्या संचालकांहून वेगळी व्यक्ती आहे आणि तिचा पत्ता म्हणजे तिचे नोंदणीकृत कार्यालय. कंपनीला कागद कसा द्यायचा हे कलम २० मध्ये आहे: नोंदणीकृत कार्यालयाच्या पत्त्यावर टपालाने किंवा कुरिअरने पाठवणे, तिथे प्रत्यक्ष नेऊन देणे किंवा इलेक्ट्रॉनिक मार्गाने पाठवणे. घरच्या कंपन्यांत गंमत अशी असते की नोंदणीकृत कार्यालय बहुधा थोरल्या भावाचे घरच असते, आणि आपण त्याच घरात बसून स्वतःला स्पीडपोस्ट करावे हे धाकट्याला वेडेपणाचे वाटते. तो वेडेपणा करावा. टपालाची पावती आणि वितरणाची नोंद हा दोघा भावांबाहेरच्या तिसऱ्याने दिलेला पुरावा असतो, आणि पुढे प्रश्न विचारणारा नेहमी तिसराच असतो: बँक, पुरवठादार, कर खाते.

धाकट्याने पत्र लिहायला घेतले. पहिला मसुदा सगळे लिहितात तसाच होता: “वैयक्तिक कारणास्तव मी कंपनीच्या संचालकपदाचा राजीनामा देत आहे. कृपया तो लवकरात लवकर स्वीकारून मला कार्यमुक्त करावे.” हे नोकरीच्या राजीनाम्याचे वाक्य आहे आणि इथे ते दोन ठिकाणी नडते. एक म्हणजे ‘स्वीकारून’. संचालकाच्या राजीनाम्याला मंडळाची मंजुरी कायद्याने मागितलेलीच नाही, मंडळाने फक्त नोंद घ्यायची असते. आपणच पत्रात स्वीकृती मागितली की आपण राजीनाम्याला अट घातली असा अर्थ काढायला जागा मिळते, आणि मंडळ गप्प बसले तर प्रकरण लोंबकळते. दुसरे म्हणजे ‘लवकरात लवकर’. ही तारीख नव्हे. सूचनेत तारीख नसली तर उरते फक्त पत्र मिळाल्याची तारीख, आणि ती सिद्ध करण्याचे ओझे आपल्यावर येते. ‘माझा सर्व हिशेब पूर्ण झाल्यावर’ हेही असेच. हिशेब कधी पूर्ण झाला हे कोण ठरवणार?

दुसरा मसुदा अधिक धोक्याचा होता. सीएंच्या ऑफिसातल्या कुणीतरी सुचवले, “३१ मार्चची तारीख टाका ना, आर्थिक वर्ष स्वच्छ होईल.” म्हणजे जूनमध्ये पत्र द्यायचे आणि त्यात लिहायचे की राजीनामा ३१ मार्चपासून लागू. कायदा दोन तारखांतली नंतरची धरतो, त्यामुळे जूनमध्ये मिळालेल्या पत्राने मार्चमध्ये पद सुटू शकत नाही. मग सुचते की पत्रावर आणि पोचेवरही मार्चचीच तारीख टाकू. इथे मामला ढिसाळपणातून खोटेपणात जातो, कारण तो कागद पुढे निबंधकाकडे दाखल होणार असतो, आणि दाखल केलेल्या कागदात जाणूनबुजून खोटी माहिती देणे हा कलम ४४८ खालचा गुन्हा आहे. शिवाय मागची तारीख टिकत नाही. एप्रिल-मेमधल्या बैठकीच्या हजेरीपत्रकावर आपली सही असते, बँकेला दिलेल्या एखाद्या ठरावावर असते, एखाद्या फॉर्मवर आपली डिजिटल सही, म्हणजे डीएससी, तारीख आणि वेळेसकट उमटलेली असते. मार्चमध्ये गेलेल्या संचालकाची मे महिन्यातली सही सापडली, की त्या राजीनाम्यातल्या खऱ्या गोष्टींवरही कुणी विश्वास ठेवत नाही.

तिसरा मार्ग ‘तात्काळ प्रभावाने’ लिहिण्याचा. हा वैध आहे आणि कंपनीत काही गैर चालले असेल तर तोच योग्य. पण त्यात एक बारीक फट राहते. समजा धाकट्याने ३ जून २०२४ ला पत्र कंपनीच्या नोंदणीकृत ईमेलवर पाठवले आणि त्याच दिवशी स्पीडपोस्टलाही टाकले. टपाल ६ जूनला पोचले. मग राजीनामा ३ तारखेला लागू झाला की ६ ला? ईमेल कुणी उघडलाच नाही असे कंपनी म्हणाली तर? ४ जूनला झालेल्या व्यवहाराच्या वेळी तो संचालक होता की नव्हता, यावर वाद घालायला वकिलाला तीन दिवस मिळतात.

यातून सुटण्याची युक्ती कलम १६८ मध्येच आहे. पत्र निश्चितपणे पोचलेले असेल अशी, थोडी पुढची तारीख पत्रातच नमूद करायची. धाकट्याने २० जून लिहिली. पत्र ३ जूनला मिळाले धरा किंवा ६ जूनला धरा, दोन्ही २० जूनच्या आधीचे. नंतरची तारीख एकच उरते, २० जून. पत्र कधी पोचले हा सगळा वाद त्यामुळे निरर्थक होतो. दोन-अडीच आठवडे जास्त संचालक राहावे लागते, ही त्याची किंमत. माझ्या मते, घाई नसेल तर ती आनंदाने मोजावी.

फार पुढची तारीख मात्र देऊ नये. कंपनीने निबंधकाला DIR-12 मध्ये कळवायची मुदत, संचालक नियुक्तीविषयक २०१४ च्या नियमांतील नियम १५ प्रमाणे, सूचना मिळाल्यापासून ३० दिवसांची आहे. राजीनामा लागू झाल्यापासून नव्हे. ३ जूनला पत्र देऊन त्यात ३० सप्टेंबर लिहिले, तर जाणे घडण्याआधीच ते कळवण्याची मुदत संपते आणि सीए, सीएस, पोर्टल सगळेच गोंधळतात. म्हणून नमूद केलेली तारीख पत्र मिळाल्यापासून ३० दिवसांच्या चांगली आत असावी. दोन ते तीन आठवडे हा सोयीचा पल्ला.

आता खुद्द शब्द. धाकट्याचे अंतिम पत्र असे झाले, कंसातल्या जागा ज्याने त्याने भरायच्या:

“प्रति, संचालक मंडळ, (कंपनीचे पूर्ण नाव, सीआयएन, नोंदणीकृत कार्यालयाचा पत्ता).

विषय: कंपनी कायदा २०१३, कलम १६८ अन्वये संचालकपदाच्या राजीनाम्याची सूचना.

मी, (पूर्ण नाव), डीआयएन (क्रमांक), या पत्राद्वारे कंपनीच्या संचालकपदाचा राजीनामा देत असल्याची सूचना देतो. हा राजीनामा दि. २० जून २०२४ रोजी सायंकाळी ६ वाजता अमलात येईल. ही सूचना कंपनीला त्या वेळेनंतर मिळाली, तर ती मिळताक्षणी राजीनामा अमलात येईल. राजीनामा अमलात येण्यासाठी मंडळाच्या स्वीकृतीची अट मी घातलेली नाही.

राजीनाम्याचे कारण: मी पुणे येथे पूर्णवेळ नोकरी स्वीकारली असून कंपनीच्या कामासाठी वेळ देणे शक्य नाही.

कंपनीने या सूचनेची पोच द्यावी, मंडळाच्या पुढील बैठकीत तिची नोंद घ्यावी, संचालकांच्या नोंदवहीत बदल करावा आणि विहित मुदतीत DIR-12 दाखल करून त्याची प्रत मला द्यावी. कलम १६८ अन्वये या सूचनेची प्रत मी कारणांसह निबंधकाकडेही पाठवणार आहे.

दि. ३ जून २०२४, सांगली. (सही)”

यातले ‘सायंकाळी ६ वाजता’ काहींना अती वाटेल. पण ‘२० जूनपासून’ एवढेच लिहिले तर २० जून हा दिवस आत की बाहेर, हा प्रश्न उरतो, आणि नेमकी त्याच दिवशी मंडळाची बैठक असली तर तो खराखुरा प्रश्न होतो. वेळ लिहिली की संपले. ‘नंतर मिळाली तर’ हे वाक्यही मुद्दाम आहे. टपाल रखडले तरी राजीनामा अधांतरी राहत नाही, कायद्याचाच नियम पत्रात उतरलेला असतो. डीआयएन आणि सीआयएन लिहायचे कारण साधे: एका नावाची दोन माणसे आणि मिळत्याजुळत्या नावांच्या दोन कंपन्या सरकारी नोंदीत सहज सापडतात.

कारणाच्या ओळीबद्दल सावध राहावे. ‘वैयक्तिक कारण’ लिहिणे सोपे असते आणि बहुतेक वेळा खरेही असते. पण हिशेबात गोंधळ दिसला म्हणून आपण बाहेर पडत असू आणि तरी ‘वैयक्तिक’ लिहिले, तर दोन वर्षांनी चौकशीत आपलाच कागद आपल्या विरुद्ध बोलतो. आरोप करायचे नसतील तरी घडले ते कोरड्या शब्दांत लिहावे: अमुक तारखांना मी हिशेबाची कागदपत्रे मागितली, ती मिळाली नाहीत.

सहसंचालकांना वेगळे पत्र द्यावे असे कलम १६८ म्हणत नाही. कंपनीला दिले की झाले. तरी द्यावे, कारण ‘आम्हाला माहीतच नव्हते’ हे वाक्य त्याने बंद होते आणि काही व्यवहारातल्या सूचना तिथे मोकळेपणाने लिहिता येतात. धाकट्याने दादांना आणि दाजींना ईमेलने पाठवले ते असे:

“ती. दादा आणि दाजी, कंपनीला आज दिलेल्या राजीनाम्याच्या सूचनेची प्रत सोबत जोडली आहे. मूळ सूचना नोंदणीकृत कार्यालयाच्या पत्त्यावर स्पीडपोस्टने व कंपनीच्या ईमेलवर पाठवली आहे; ही प्रत तुम्हा दोघांच्या माहितीसाठी. २० जून २०२४ रोजी सायंकाळी ६ नंतर मी संचालक नाही. त्यानंतर कोणत्याही कागदावर संचालक म्हणून माझे नाव किंवा सही घेऊ नये. माझे डीएससीचे टोकन सीएंच्या ऑफिसात आहे, ते मी २० तारखेपर्यंत परत घेईन. माझे शेअर माझ्याकडेच राहतील. त्यांचा विचार नंतर करू.”

डीएससीचे वाक्य विसरू नये. छोट्या कंपन्यांत सगळ्या संचालकांची टोकने एकाच पाकिटात, पासवर्ड चिठ्ठीवर लिहून, सीए किंवा सीएस यांच्या खणात पडलेली असतात. कुणाचा हेतू वाईट नसतो, पण सप्टेंबरमध्ये घाईघाईत एखाद्या फॉर्मवर नेमके हेच टोकन लागते आणि सोडून गेलेल्या संचालकाची सही पुन्हा उमटते.

मंडळाची बैठक २२ जूनला झाली. दादांच्या नेहमीच्या साच्यात ठराव असता तर लिहिले असते की ‘मंडळाने राजीनामा आजपासून स्वीकारला’, आणि इतिवृत्तात २२ जून ही आणखी एक तारीख जन्मली असती. योग्य वाक्य असे: “श्री. (नाव), डीआयएन (क्रमांक), यांची दि. ३ जून २०२४ ची राजीनाम्याची सूचना कंपनीला त्याच दिवशी ईमेलने व ६ जून २०२४ रोजी टपालाने मिळाली. त्यानुसार ते दि. २० जून २०२४ रोजी सायंकाळी ६ वाजल्यापासून कंपनीचे संचालक राहिलेले नाहीत, याची मंडळाने नोंद घेतली. DIR-12 दाखल करण्याचा अधिकार श्री. (नाव) यांना देण्यात येत आहे.” इथे मंडळ तारीख ठरवत नाही, ठरलेली नोंदवते. पुढच्या सर्वसाधारण सभेपुढे ठेवायच्या संचालकांच्या अहवालातही हा राजीनामा आणि हीच तारीख यायला हवी.

दोनच संचालकांची कंपनी असती तर प्रकरण अधिक अवघड झाले असते. खासगी कंपनीला किमान दोन संचालक लागतात आणि बैठकीची गणपूर्तीही दोघांची. एक गेला की उरलेला एकटा नव्या संचालकाची भर घालण्यापुरते किंवा सर्वसाधारण सभा बोलावण्यापुरतेच काम करू शकतो. राजीनामा त्यामुळे रद्द होत नाही, पण कंपनी अडकते. म्हणून अशा वेळी आधी नवा संचालक नेमून घ्यावा आणि येणे व जाणे या दोन्ही गोष्टी एकाच DIR-12 मध्ये दाखवाव्यात, हीच रूढ पद्धत आहे.

DIR-12 वर उरलेल्या संचालकांपैकी एकाची डीएससी लागते, सोबत राजीनाम्याची प्रत जोडायची असते. धाकट्याच्या बाबतीत सुरक्षित मुदत ३ जुलै, कारण ईमेल ३ जूनला पोचला होता. शुल्क कंपनीच्या भांडवलावर ठरते. १० लाखांच्या कंपनीला ते ४०० रुपये. उशीर झाला की अतिरिक्त शुल्क पटीत वाढते: पहिल्या ३० दिवसांच्या उशिरापर्यंत दुप्पट, आणि चढत चढत १८० दिवसांच्या पुढे १२ पट, म्हणजे ४,८०० रुपये. रक्कम मोठी नाही, आणि म्हणूनच कंपन्या निवांत राहतात.

त्या निवांतपणाचे चटके सोडून गेलेल्याला बसतात. निबंधकाच्या पोर्टलवर कंपनीचे नाव टाकले की संचालकांची यादी दिसते, आणि जगाच्या दृष्टीने तीच यादी खरी. समजा दादांनी २५ जूनला कोल्हापूरच्या एका फाउंड्रीला धनादेश दिला आणि तो जुलैमध्ये न वटता परत आला. फाउंड्रीचा वकील यादी उघडतो, त्यात तिघांची नावे दिसतात, तिघांनाही नोटीस जाते. धाकटा २० जूनलाच बाहेर पडला हे खरे, पण ते आता त्याला दाखवून द्यायचे आहे.

ते दाखवता येते. सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये हर्षेंद्र कुमार डी. विरुद्ध रेबतीलता कोले या खटल्यात नेमका असाच प्रसंग पाहिला. संचालकाने २ मार्च २००४ रोजी राजीनामा दिला, त्याच दिवशी मंडळाने ठराव केला, ४ मार्चला निबंधकाकडे फॉर्म ३२ गेला, आणि न वटलेले धनादेश ३० एप्रिल २००४ चे होते. खालच्या न्यायालयात खटला पुढे चालू न देता सर्वोच्च न्यायालयाने त्याच्याविरुद्धची कारवाई रद्द केली, कारण निबंधकाकडची सार्वजनिक नोंद निर्विवाद होती. त्या माणसाच्या बाजूने उभे राहिले ते दोन दिवसांत दाखल झालेले ते कागद. ते नसते तर राजीनामा खरा असूनही त्याला तो साक्षीपुराव्याने सिद्ध करत बसावे लागले असते.

म्हणून DIR-11. मुळात २०१४ मध्ये संचालकाने स्वतः निबंधकाला राजीनाम्याची प्रत कारणांसह ३० दिवसांत पाठवणे सक्तीचे होते. दुरुस्तीने ७ मे २०१८ पासून ते ऐच्छिक झाले. कंपनीने वेळेत DIR-12 भरला आणि प्रत हातात दिली, तर DIR-11 वाचून काही अडत नाही. पण पोच मिळाली नाही, दादा फोन उचलत नाहीत, सीए ‘करतो करतो’ म्हणतात, यांपैकी काहीही दिसले तर ऐच्छिक हा शब्द विसरून जावा. धाकट्याची मुदत २० जुलै. त्याने जुलैच्या पहिल्या आठवड्यात पोर्टल पाहिले, आपले नाव यादीत तसेच दिसले, आणि त्याने फॉर्म भरला.

DIR-11 ला आपली चालू डीएससी लागते आणि डीआयएन सक्रिय असावा लागतो. केवायसी न केल्याने तो निष्क्रिय झाला असेल तर आधी ते करावे लागते. जोडायचे कागद तीन: कंपनीला दिलेली सूचना, ती पाठवल्याचा पुरावा, आणि कंपनीची पोच असेल तर ती. पोच नसली तरी फॉर्म भरता येतो, म्हणूनच टपालाची पावती जपायची. कंपनीने पाकीट घ्यायला नकार दिला तर ते परत आलेले पाकीट न फोडता तसेच ठेवावे. योग्य पत्त्यावर गेलेले आणि नाकारलेले टपाल पोचले असेच न्यायालये सहसा धरतात. फॉर्ममधली लागू तारीख पत्रातल्या तारखेशी, आणि शक्य असेल तर DIR-12 मधल्या तारखेशी, अक्षरशः जुळायला हवी. दादांच्या सीएंनी बैठकीची २२ जून टाकली आणि धाकट्याने २० जून, तर दोन सरकारी कागद एकमेकांना खोटे पाडत राहतात. म्हणून DIR-12 दाखल होण्याआधी त्याचा मसुदा मागून पाहावा.

मर्यादाही समजून घ्यावी. DIR-11 हा आपल्या बाजूचा तारखेचा सरकारी पुरावा असतो, पण यादीतून नाव निघण्यासाठी व्यवहारात कंपनीचा DIR-12 लागतो. तो येत नसेल तर DIR-11 ची पावती जोडून निबंधकाकडे लेखी तक्रार करावी लागते. तोवर यादीत नाव राहणे नुसते गैरसोयीचे नसते. वार्षिक हिशेब किंवा विवरणपत्रे सलग तीन वर्षे न भरणाऱ्या कंपनीचे संचालक कलम १६४ खाली पाच वर्षांसाठी अपात्र होतात. २०१७ मध्ये केंद्र सरकारने अशा तीन लाखांहून अधिक संचालकांची नावे जाहीर केली होती. अशा याद्या पोर्टलवरच्या नोंदींवरून निघतात, आणि तिथे नाव असलेल्या माणसाने पाच वर्षांपूर्वी जेवताना राजीनामा दिला होता हे पोर्टलला ठाऊक नसते.

राजीनाम्याने काय सुटत नाही तेही पाहू. पद असताना घडलेल्या गुन्ह्यांची जबाबदारी नंतरही राहते, हे कलम १६८ मध्येच लिहिले आहे. खासगी कंपनीचा आयकर तिच्याकडून वसूल झाला नाही, तर त्या काळात संचालक असलेल्यांकडे वळण्याची तरतूद आयकर कायद्यात आहे. जाणाऱ्याला मग आपल्या घोर निष्काळजीपणामुळे वसुली अडली नाही हे दाखवावे लागते. तारीख स्पष्ट असण्याचा इथे आणखी एक उपयोग होतो, कारण कोणत्या वर्षापर्यंतचे प्रश्न आपल्याला विचारता येतील हे तिच्यावरून ठरते. पूर्णवेळ किंवा व्यवस्थापकीय संचालक कंपनीचा नोकरही असेल, तर नोकरीचा करार वेगळा संपवावा लागतो. बँक खात्यावरची सही आणि जीएसटी नोंदणीतले नाव वेगवेगळ्या अर्जांनी काढायचे असते.

आणि बँकेची वैयक्तिक हमी. कुपवाडच्या कंपनीच्या कॅश क्रेडिटसाठी तिघांनीही हमीपत्रावर सह्या केल्या होत्या. धाकट्याला वाटले की संचालकपद गेले म्हणजे हमीही गेली. ती जात नाही, कारण तो त्याचा आणि बँकेचा स्वतंत्र करार आहे. २० जूनच्या राजीनाम्याची प्रत जोडून त्याने शाखाधिकाऱ्यांना लिहिले की यापुढे कंपनीला द्यायच्या कर्जासाठी आपली हमी मागे घेत आहोत, आजपर्यंतची थकबाकी लेखी कळवावी, आणि बदली हमीदार घेऊन आपल्याला मुक्त करावे. आजवरच्या थकबाकीपुरता तो अजूनही बांधलेलाच आहे. बँकेने मुक्ततेचे पत्र देईपर्यंत, किंवा ते कर्ज फिटेपर्यंत, दादांच्या कॅश क्रेडिट खात्याचा उतारा दर तिमाहीला मागवून बघणे त्याला भाग आहे.